चौकटीपासून परिकल्पनेपर्यंत: नर्सिंग प्रबंधातल्या प्रत्येक बाणाचा हिशोब

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधात संकल्पनात्मक चौकटीची आकृती बहुतेक वेळा पहिल्या प्रकरणाच्या शेवटी येते आणि तिथेच राहते. साधनं तयार करताना, परिकल्पना लिहिताना, निकालांची चर्चा करताना ती पुन्हा कुठे भेटत नाही. मग व्हायवाला बाहेरचे परीक्षक आकृतीवर बोट ठेवून विचारतात, "हा बाण तुम्ही कुठे मोजलात?" या प्रश्नाला सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच उत्तर देता यावं, यासाठी हा लेख आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे सिनॉप्सिस पाठवण्याच्या तयारीत असलेल्या मुंबईतल्या विद्यार्थिनी मला डोळ्यांसमोर आहेत.

मी एक साधा नियम पाळते. आकृतीतला प्रत्येक चौकोन तुम्ही मोजलेला असावा, नाही तर नियंत्रणात ठेवलेला असावा, नाही तर 'अभ्यासाबाहेर' असं उघड लिहिलेला असावा. प्रत्येक बाणाला एक परिकल्पना असावी. नसेल तर तो बाण तुटक रेषेने काढावा. हा नियम प्रत्यक्षात कसा लावायचा ते एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत पाहू.

उदाहरण: स्वतः इन्सुलिन टोचून घेणारे रुग्ण

विषय असा धरू: मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत येणारे टाइप २ मधुमेहाचे रुग्ण, जे कुपीतून सिरिंजने इन्सुलिन घेतात. त्यांना नर्सने प्रात्यक्षिकासह नियोजित शिक्षण दिलं, तर त्यांची इन्सुलिन घेण्याची पद्धत सुधारते का?

पहिली पायरी: मॉडेल बाजूला ठेवा, आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

बहुतेक जणी उलट्या क्रमाने जातात. ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधातून एक मॉडेल उचलायचं आणि विषय त्यात बसवायचा. इनपुट, प्रोसेस, आउटपुट हे तीन चौकोन असलेला सर्वसाधारण प्रणाली सिद्धांत यासाठी फार वापरला जातो, कारण त्यात काहीही बसतं. पण ज्यात काहीही बसतं, ते कोणता चल मोजायचा हे सांगू शकत नाही. पूर्वचाचणी म्हणजे इनपुट, शिक्षण म्हणजे प्रोसेस आणि उत्तरचाचणी म्हणजे आउटपुट, असं लिहिलं की तुमच्या संशोधन आराखड्याचंच चित्र झालं. रुग्णाच्या वागण्यामागचं कारण त्यात कुठेच आलेलं नसतं.

म्हणून आधी ओपीडीत जा. तिथल्या सिस्टरांना विचारा की रुग्ण नेमके कुठे चुकतात. उत्तरं साधारण दोन प्रकारची मिळतात. एक: "त्यांना येतच नाही हो. ढगाळ इन्सुलिन न घोळवता ओढतात, रोज बेंबीशेजारी एकाच जागी टोचतात, यू-४० च्या कुपीला यू-१०० ची सिरिंज लावतात." दोन: "येतं सगळं, पण घेत नाहीत. एकदा इन्सुलिन लागलं म्हणजे आता संपलंच, असं वाटतं त्यांना."

हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिला क्षमतेचा, दुसरा समजुतीचा. दुसरा बिघाड प्रमुख असेल तर हेल्थ बिलीफ मॉडेल योग्य. ते १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. लोक फुकट मिळणाऱ्या तपासणीलाही का येत नाहीत, या प्रश्नातून ते आलं. धोका किती वाटतो, फायदा किती वाटतो आणि अडथळे कोणते वाटतात, याभोवती ते उभं आहे. तुमचं साधन मग या समजुती मोजणारं असायला हवं, आणि सुई कशी धरली याची चेकलिस्ट त्यात दुय्यम ठरेल. पहिला बिघाड प्रमुख असेल तर डोरोथिया ओरेम यांचा स्व-काळजी तुटीचा सिद्धांत जवळचा. माणसाला स्वतःची काळजी घेण्यासाठी जे करावं लागतं, ते करण्याची त्याची क्षमता कमी पडली की तूट निर्माण होते आणि तिथे नर्सची गरज लागते, हा त्याचा गाभा. समजा आपल्या ओपीडीत पहिल्या प्रकारचं उत्तर जास्त आलं. मग आपण ओरेम घेऊ.

निवड झाली की तिचं कारण एका वाक्यात लिहून पाहा: "या रुग्णांची अडचण इन्सुलिन घेण्याच्या क्षमतेची आहे, आणि ओरेम यांचा सिद्धांत क्षमता, गरज आणि नर्सचं सहाय्य यांचा संबंध सांगतो." कारणाचं असं वाक्य लिहिता येत नसेल, तर मॉडेल अजून निवडलं गेलेलं नाही असं समजा.

दुसरी पायरी: सिद्धांतातल्या संकल्पना तुमच्या ओपीडीच्या भाषेत आणा

ओरेम यांच्या मांडणीतल्या पाच संकल्पना आपल्याला लागतील. स्व-काळजीची मागणी, म्हणजे या रुग्णाला इन्सुलिनच्या बाबतीत रोज काय काय करावं लागतं. स्व-काळजीची क्षमता, म्हणजे ते करण्याचं ज्ञान आणि कौशल्य. स्व-काळजीची कृती, म्हणजे घरी प्रत्यक्ष काय केलं जातं. मूलभूत प्रभावक घटक, म्हणजे वय, शिक्षण, कुटुंब, राहणीमान, उपलब्ध साधनं अशा क्षमतेवर परिणाम करणाऱ्या गोष्टी. आणि आधार देणारी, शिकवणारी नर्सिंग व्यवस्था. ओरेम यांनी नर्सिंग व्यवस्थेचे तीन प्रकार सांगितले: पूर्णपणे नर्सने करायचं, काही नर्सने व काही रुग्णाने करायचं, आणि रुग्णाने करायचं पण नर्सने शिकवायचं व आधार द्यायचा. आपला शिक्षण कार्यक्रम तिसऱ्या प्रकारात येतो.

इथे एक गोष्ट बहुतेक प्रबंधांतून निसटते, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

बहुतेक अभ्यासांत रुग्णाला ओपीडीत सिरिंज हातात देऊन करून दाखवायला सांगतात, चेकलिस्टवर खुणा करतात आणि त्या गुणांना 'स्व-काळजीची कृती' असं नाव देतात. पण नर्ससमोर, टेबलावर, चांगल्या उजेडात करून दाखवणं ही कृती नव्हे. ती क्षमतेची परीक्षा आहे. लालबागच्या चाळीत राहणारा माणूस सकाळी पाणी भरून, डबा घेऊन लोकल पकडायच्या गडबडीत सुई कशी घेतो, ही स्व-काळजीची कृती. ओरेम यांच्या मांडणीत क्षमता आणि कृती या वेगळ्या संकल्पना आहेत. तुम्ही एकच साधन दोन्ही चौकोनांखाली लिहिलंत, तर त्यांच्यामधला बाण मोजता येणारच नाही, कारण बाणाची दोन्ही टोकं एकच आकडा असतील.

म्हणून आपल्या अभ्यासात चेकलिस्ट क्षमतेच्या चौकोनात जाईल. कृतीच्या चौकोनासाठी वेगळा पुरावा शोधावा लागेल. तो मिळवण्याचे तीन व्यवहार्य मार्ग आहेत. पहिला, दोन आठवड्यांनी फेरतपासणीला आल्यावर गेल्या सात दिवसांबद्दल ठरावीक प्रश्न विचारणं: काल सकाळी कुठे टोचलं, परवा कुठे, एक सिरिंज किती वेळा वापरली, किती डोस चुकले. दुसरा, टोचण्याच्या जागा पाहणं आणि हाताने चाचपणं. मात्र त्वचेखालची गाठ बनायला आणि विरायला बराच काळ लागतो, त्यामुळे दोन आठवड्यांत गाठीतला बदल मोजायला जाऊ नका. जागा बदलल्याच्या ताज्या खुणा तेवढ्या पाहा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: रुग्णाला चालू कुपी सोबत आणायला सांगणं. १० मिलिलिटरच्या कुपीत प्रति मिलिलिटर ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट इन्सुलिन असतं. सकाळी २० आणि संध्याकाळी १० असा रोजचा डोस असेल तर कुपी साधारण १३ दिवसांत संपायला हवी. दहाव्या दिवशी त्यात निम्म्याहून जास्त इन्सुलिन शिल्लक असेल, तर रुग्णाचं "रोज घेतो" हे उत्तर तपासून पाहायला हवं. हवेचे बुडबुडे काढताना थोडं वाया जातं, म्हणून हा हिशोब काटेकोर मानू नका. रुग्णाच्या सांगण्याला जोड म्हणूनच तो वापरा. यासाठी कुपी कधी उघडली ती तारीख त्यावर लिहायला पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं. ती तशीही लिहायलाच हवी, कारण उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांपर्यंतच वापरायची असते.

तिसरी पायरी: संकल्पना, चल आणि साधन यांचा तक्ता

आकृती काढण्याआधी हा तक्ता करा. यात एखादा रकाना रिकामा राहिला, तर आकृतीतही तिथे भोक पडणार.

| संकल्पना | अभ्यासातला चल | कसा मोजायचा |
|---|---|---|
| शिकवणारी नर्सिंग व्यवस्था | प्रात्यक्षिकासह नियोजित शिक्षण: मिळालं / नेहमीची माहिती मिळाली | गट |
| स्व-काळजीची क्षमता | ज्ञान. करून दाखवलेलं कौशल्य | २० प्रश्नांची प्रश्नावली. १६ टप्प्यांची चेकलिस्ट |
| स्व-काळजीची कृती | घरी गेल्या सात दिवसांतला सराव | मुलाखत, टोचण्याच्या जागा, कुपी |
| मूलभूत प्रभावक घटक | शिक्षण, इन्सुलिनचा कालावधी, जवळची दृष्टी, आधी कुणी शिकवलं का | माहितीपत्रक, जवळचं वाचन |
| आरोग्य परिणाम | एचबीए१सी | अभ्यासाबाहेर |

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. एचबीए१सी हा सुमारे दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा आरसा असतो. आपला पाठपुरावा दोन आठवड्यांचा. तरीही हा चौकोन आकृतीत हवा, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. पण तो तुटक रेषेने काढायचा आणि खाली टीप द्यायची की तो मोजलेला नाही.

प्रभावक घटकांची यादी ओरेम यांनी बरीच लांब दिली आहे. ती सगळी उचलून धर्म, वैवाहिक स्थिती, आहाराचा प्रकार असं भरत जाऊ नका. प्रत्येक घटकासाठी विचारा: हा इन्सुलिन टोचण्याच्या क्षमतेवर कोणत्या वाटेने परिणाम करेल? जवळची दृष्टी थेट करते, कारण सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचायच्या असतात. आधी कुणी शिकवलं होतं का, हेही करतं. आहाराच्या प्रकाराची वाट मला सापडत नाही, म्हणून तो यादीत नाही.

काही घटक मोजण्याऐवजी नियंत्रणात ठेवणं शहाणपणाचं. मुंबईच्या ओपीडीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती बोलणारे रुग्ण एकाच रांगेत असतात. प्रश्नावली दोनच भाषांत तयार असेल, तर मराठी किंवा हिंदी समजणं हा समावेशाचा निकष करा आणि आकृतीत 'नियंत्रित' अशी नोंद करा. दुसऱ्याच कुणाकडून इंजेक्शन टोचून घेणारे रुग्णही वगळावे लागतील, कारण त्यांच्या बाबतीत क्षमतेचा प्रश्न सुनेचा किंवा मुलाचा असतो. फ्रिज घरी असणं-नसणं हा मात्र साठवणुकीच्या प्रश्नांशी थेट जोडलेला घटक आहे, आणि छोट्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी खरा आहे. तो माहितीपत्रकात नोंदवा, पण तक्त्यातल्या चार चलांत धरू नका.

चौथी पायरी: आकृती

डावीकडे प्रभावक घटक, मध्ये क्षमता, तिच्या उजवीकडे कृती, अगदी उजवीकडे तुटक चौकोनात एचबीए१सी. क्षमतेच्या चौकोनावर वरून नर्सिंग व्यवस्थेचा बाण. स्व-काळजीची मागणी क्षमतेच्या खाली. ती या अभ्यासात चल नाही, कारण कुपी-सिरिंजने इन्सुलिन घेणाऱ्या सगळ्यांसाठी आपण ती १६ टप्प्यांच्या रूपात स्थिर धरली आहे. चेकलिस्टमधले १६ टप्पे म्हणजे मागणी, त्यातले रुग्णाला जमलेले टप्पे म्हणजे क्षमता, आणि उरलेले म्हणजे तूट. म्हणजे १६ पैकी ९ टप्पे जमले तर तूट ७ टप्प्यांची. ओरेम यांची 'तूट' अशी प्रत्यक्ष आकड्यात आली की चौकट आणि साधन एकमेकांशी जोडले गेले.

दोन्ही बाजूंना टोकं असलेले बाण आणि गोल फिरून येणारा फीडबॅकचा बाण शक्यतो टाळा. तो बाण मोजायला किमान तीन वेळा मोजमाप लागतं. आपल्याकडे दोनच आहेत.

पाचवी पायरी: प्रत्येक बाणाची परिकल्पना

आता सलग रेषेचे बाण मोजा. आपल्याकडे तीन आहेत.

नर्सिंग व्यवस्थेपासून क्षमतेकडे जाणारा बाण अभ्यासाचा कणा आहे. क्षमतेत दोन चल आहेत, म्हणून त्याच्या दोन परिकल्पना होतात. परिकल्पना १: नियोजित शिक्षण मिळालेल्या गटाच्या ज्ञानाच्या गुणांतली सरासरी वाढ तुलना गटापेक्षा जास्त असेल. परिकल्पना २: हेच करून दाखवलेल्या कौशल्याबाबत. इथे 'वाढ' किंवा 'पूर्वचाचणीचे गुण विचारात घेऊन' हे शब्द हवेत. नुसती उत्तरचाचणीची सरासरी ताडून पाहिली, तर सुरुवातीचाच फरक शिक्षणाच्या नावावर जमा होऊ शकतो. विश्लेषणासाठी गुणांतल्या वाढीवर दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी चालेल. पूर्वचाचणी धरून केलेली अँकोव्हा अधिक चांगली. आणि एकाच ओपीडीत दोन्ही गट शेजारी बसवलेत तर रुग्ण बाकावर बसून एकमेकांना सांगतात. म्हणून आठवड्यांनुसार गट वेगळे करा: आधी तुलना गट पूर्ण करा, मग शिक्षण गट. त्यामुळे यादृच्छिक वाटप होत नाही, हे मर्यादांमध्ये लिहा.

क्षमतेपासून कृतीकडे जाणाऱ्या बाणाबाबत फार सावध राहा. परिकल्पना ३: दोन आठवड्यांनंतर कौशल्याचे गुण आणि घरच्या सरावाचे गुण यांच्यात धन सहसंबंध असेल. एवढंच लिहा. 'शिक्षणामुळे कौशल्य वाढतं आणि कौशल्य वाढल्यामुळे सराव सुधारतो' हे मध्यस्थ चलाचं विधान आहे. त्याची परीक्षा सहसंबंधाने होत नाही, आणि प्रत्येक गटात ३० रुग्ण घेऊन ती करता येणं अवघड आहे. आकाराबद्दल एक अंदाज लक्षात ठेवा. दोन गटांमधला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा असेल आणि तो ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ रुग्ण लागतात. ३० रुग्णांत फक्त मोठा फरक दिसतो.

प्रभावक घटकांपासून क्षमतेकडे जाणाऱ्या बाणात सर्वात जास्त गोंधळ होतो. प्रबंधांत नेहमी एक वाक्य असतं: "उत्तरचाचणीचे गुण आणि निवडक सामाजिक चल यांच्यात लक्षणीय संबंध असेल." पण आपल्या चौकटीत हा बाण शिक्षणाआधीच्या क्षमतेकडे जातो. शिक्षण, दृष्टी, आधीचं मार्गदर्शन या गोष्टींनी रुग्ण आपल्यापर्यंत ज्या क्षमतेने पोचला ती घडली. म्हणून परिकल्पना ४ पूर्वचाचणीच्या गुणांबद्दल हवी. शिक्षणानंतरच्या गुणांबद्दल बोलायचं असेल, तर प्रश्न बदलतो: कमी दिसणाऱ्या रुग्णांना शिकवण्याचा फायदा कमी झाला का? तो बाण घटकांपासून निघून क्षमतेपर्यंत न जाता, नर्सिंग व्यवस्थेच्या बाणाच्या मध्यावर येऊन लागतो. फार उपयोगी प्रश्न आहे, पण त्यासाठी नमुना मोठा हवा. नसेल तर तो बाण काढूच नका.

याच परिकल्पनेत दहा-दहा चल घेऊन प्रत्येकाची काय-स्क्वेअर चाचणी करण्याची प्रथा आहे. दहाही चलांचा खरोखर काही संबंध नसला तरी ०.०५ च्या पातळीवर दहापैकी निदान एक चाचणी योगायोगाने लक्षणीय येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. मग चर्चेच्या प्रकरणात त्या एका निकालाला कारणं शोधली जातात. चौकटीने निवडलेले चारच चल घ्या. गुणांचे मध्यकावरून 'कमी' आणि 'जास्त' असे दोन तुकडेही करू नका. त्यात माहिती हरवते. दोन गटांच्या चलासाठी टी-चाचणी आणि कालावधीसारख्या आकड्यासाठी सहसंबंध पुरेसा आहे.

शून्य परिकल्पना प्रत्येकीच्या खाली लिहाच, पण आकृतीत फक्त संशोधन परिकल्पनेचा क्रमांक बाणावर टाका. बाणांवर १, २, ३, ४ असे आकडे दिसले की आकृती वाचणाऱ्याला पुढचं प्रकरण आधीच कळतं.

सहावी पायरी: उलट दिशेने तपासणी

सगळं लिहून झाल्यावर मैत्रिणीला फक्त परिकल्पना द्या आणि त्यांवरून आकृती काढायला सांगा. तिच्या आकृतीत नसलेला चौकोन तुमच्या आकृतीत असेल, तर तो शोभेचा आहे. तिच्याकडे एखादा जास्तीचा बाण आला, तर तुमची एखादी परिकल्पना चौकटीबाहेरून आलेली आहे. मग साधनाकडे वळा. चेकलिस्टमधला प्रत्येक टप्पा कोणत्या संकल्पनेत जातो ते समासात लिहा. "रुग्ण आनंदी दिसतो" असा एखादा टप्पा कुठेच बसणार नाही. तो काढून टाका. "कुपी तळहातांत हलकेच घोळवतो", "ओढण्याआधी डोसाइतकी हवा कुपीत सोडतो", "मागच्या जागेपासून किमान एक सेंटिमीटर अंतर ठेवतो" हे सरळ क्षमतेत जातात. पायलटमध्ये दोन नर्सनी एकाच रुग्णाकडे एकाच वेळी पाहून वेगवेगळी चेकलिस्ट भरावी. ज्या टप्प्यावर दोघींचं वारंवार जुळत नाही, त्याचं वर्णन संदिग्ध आहे.

निकाल आल्यावर

समजा ज्ञान वाढलं, कौशल्य वाढलं, पण कौशल्याचा घरच्या सरावाशी धन सहसंबंध दिसला नाही, म्हणजे परिकल्पना १ आणि २ टिकल्या आणि ३ टिकली नाही. नुसतं 'सहसंबंध आढळला नाही' असं लिहून पुढे जाऊ नका. क्षमता आणि कृती आपण वेगळ्या मोजल्या होत्या, म्हणून आता विचारता येतं की मधे काय आडवं आलं. मुलाखतीतली उत्तरं पुन्हा वाचा. सिरिंज परवडत नाही म्हणून तीच चार दिवस वापरली जात असेल, तर तूट कौशल्याची नसून साधनांची आहे, आणि ती ओरेम यांच्या प्रभावक घटकांत बसते. सहकाऱ्यांसमोर सुई घ्यायची लाज वाटते म्हणून संध्याकाळचा डोस चुकत असेल, तर बिघाड समजुतीचा आणि संकोचाचा आहे, आणि पुढच्या अभ्यासासाठी हेल्थ बिलीफ मॉडेल जास्त योग्य ठरेल. चर्चेच्या प्रकरणात चौकटीची आकृती पुन्हा छापा, टिकलेले बाण ठळक करा, न टिकलेल्या बाणावर खूण करा आणि त्याच्याशेजारी मुलाखतींतून सुचणारं कारण लिहा.